दिवाळीच्या सुट्टीत लेख खंडू नयेत म्हणून मंजूर लेखांचा साठा किती आणि कसा ठेवावा

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आरोग्यविषयक संकेतस्थळावर रोज सकाळी सात वाजता एक लेख जातो. आम्ही तिघे जण लिहितो आणि आमच्या डॉक्टर सल्लागारांनी मंजूर केल्याशिवाय काहीच प्रसिद्ध करत नाही. 2025 च्या दिवाळीत डॉक्टर गावी गेले आणि सलग काही दिवस संकेतस्थळ रिकामं राहिलं. मंजूर झालेले लेख आधीच साठवून ठेवायचे म्हटलं तर किती ठेवावेत, कुठे ठेवावेत आणि ते शिळे होऊ नयेत म्हणून काय करावं? आम्ही वर्डप्रेस वापरतो.

उत्तर : तुमच्याकडे लिहिणारे तिघे आहेत आणि मंजुरी देणारी व्यक्ती एकच आहे, म्हणून अडचण लेखनात नसून मंजुरीत आहे. सुट्टीआधी घाईघाईने पंधरा लेख लिहून काढले, तरी ते डॉक्टरांच्या टेबलावर पडून राहिले तर साठा शून्यच समजावा लागतो. मसुदा म्हणून तयार असलेले, डॉक्टरांकडे गेलेले आणि मंजूर होऊन आलेले हे तीन आकडे वेगवेगळे मोजावेत आणि साठा म्हणून फक्त तिसरा आकडा धरावा. बहुतेक ठिकाणी तिन्हींची बेरीज साठा म्हणून सांगितली जाते, आणि वसुबारसेच्या दिवशी कळते की त्यातले निम्मे लेख अजून डॉक्टरांनी वाचलेलेच नाहीत.

किती लेख लागतील हे 2025 च्याच दिनदर्शिकेवर मांडून पाहू. त्या वर्षी वसुबारस 17 ऑक्टोबरला, शुक्रवारी होती, लक्ष्मीपूजन मंगळवारी 21 तारखेला आणि भाऊबीज गुरुवारी 23 तारखेला होती. मधले शनिवार-रविवार जोडून घेतले तर डॉक्टर शेवटचे भेटणार गुरुवारी 16 तारखेला आणि परत येणार सोमवारी 27 तारखेला. म्हणजे 17 ते 26 हे दहा दिवस मंजुरी मिळणार नाही. बहुतेक जण इथेच थांबतात आणि दहा लेख तयार ठेवतात. पण सोमवारी दवाखाना उघडल्यावर डॉक्टरांसमोर दहा दिवसांचे रुग्ण थांबलेले असतात, तुमचा लेख त्या दिवशी कोणी उघडणार नाही. तुमच्या नेहमीच्या मंजुरीला तीन कामाचे दिवस लागतात असे धरले, तर पहिला नवा लेख बुधवारी 29 तारखेला हातात येईल आणि गुरुवारी 30 तारखेला सकाळी जाईल. मधले 27, 28 आणि 29 हे तीन दिवसही साठ्यातूनच भागवावे लागतात. म्हणजे गरज तेरा लेखांची झाली. सुट्टीच्या दिवसांत मंजुरीला लागणारे दिवस मिळवायचे, हा हिशेब कोणत्याही सुट्टीला लागू पडतो. माझ्या पाहण्यात साठा संपतो तो सहसा सुट्टी संपल्यानंतरच्या या दोन-तीन दिवसांत, ऐन सणात नव्हे.

तेरावर थांबता येत नाही, कारण मंजूर झालेले सगळेच लेख प्रसिद्ध करण्याजोगे राहत नाहीत. एखाद्या लेखातली माहिती मधल्या काळात बदलते, एखाद्याचे चित्र वापरण्याची परवानगी मिळत नाही, एखादा लेख ऐन वेळी नको वाटतो. एरवी असा लेख बाजूला ठेवून दुसरा मंजूर करून घेता येतो, सुट्टीत ती सोय नसते. मी स्वतः पाचास एक या अंदाजाने जादा लेख ठेवतो. तेराला तीन जादा धरले की सोळा होतात. हे जादा लेख कोणत्याही दिवशी, कोणत्याही लेखाच्या जागी चालतील असेच असावेत. झोप, पाणी पिणे, मीठ आणि रक्तदाब, पाठदुखी हे विषय त्यासाठी उत्तम. फटाक्याने भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचा लेख जादा म्हणून ठेवण्यात अर्थ नाही, कारण भाऊबीजेनंतर तो कोणाच्याही जागी बसणार नाही.

आता हे सोळा लेख जमवायचे कसे, हा खरा कठीण भाग आहे. तुमच्याकडे आठवड्याला सात लेख जातात. समजा आठ मंजूर होतात, तर आठवड्याला एकच लेख शिल्लक पडतो. आषाढी एकादशीपासून, म्हणजे 2025 मध्ये 6 जुलैपासून, साठवायला सुरुवात केली असती तरी 16 ऑक्टोबरपर्यंत चौदा आठवडे मिळाले असते, म्हणजे चौदा लेख. त्यातच 27 ऑगस्टला गणपती आले, निम्मी मंडळी कोकणात गेली आणि त्या काळात साठ्यातले पाच लेख खर्च झाले असे धरू. उरले नऊ. हिशेब असा नऊवरच अडणार हे सप्टेंबरमध्ये लक्षात आले की मंडळी एकमेकांना 'थोडे जास्त लिहू या' असे सांगतात, पण त्याने फारसा फरक पडत नाही, कारण डॉक्टरांचा वेळ वाढलेला नसतो.

त्यापेक्षा खप कमी करणे सोपे आहे. अनंत चतुर्दशीनंतर रविवारचा लेख बंद ठेवावा आणि तसे वाचकांना एका ओळीत आधीच कळवावे. 7 सप्टेंबर ते 12 ऑक्टोबर या काळात सहा रविवार येतात, म्हणजे मंजुरीवर जादा भार न टाकता सहा लेख वाचतात. नऊ आणि सहा मिळून पंधरा झाले. उरलेल्या एका जागेसाठी दोन-तीन वर्षांपूर्वीचा, लोकांनी आवडीने वाचलेला लेख काढून, त्यातले आकडे व सल्ला ताजा करून, तो डॉक्टरांकडे पुनर्मंजुरीसाठी पाठवावा. नवा लेख वाचायला त्यांना अर्धा तास लागत असेल तर असा लेख काही मिनिटांत होतो, विशेषतः बदललेली वाक्ये रंगवून दिली तर. जाहीर करून ठेवलेली रविवारची सुट्टी वाचकाला खटकत नाही, न सांगता रिकामे राहिलेले बुधवार-गुरुवार खटकतात.

डॉक्टरांचा वेळही नीट वापरायला हवा. रोज एक लेख मोबाइलवर पाठवून 'जमेल तसे पाहा' असे म्हटले की तो शंभर निरोपांखाली गाडला जातो. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, त्यांच्या सोयीच्या दुपारी, चार-पाच लेख एकत्र घेऊन बसावे. प्रत्येक लेखासोबत त्यांनी नेमके काय तपासायचे आहे ते वर लिहून द्यावे : औषधांची नावे, प्रमाणे, 'लगेच डॉक्टरांकडे जा' असे कोणत्या लक्षणांवर म्हटले आहे, आणि कोणत्या विधानाबद्दल लेखकाला स्वतःला खात्री नाही. शुद्धलेखन आणि मांडणी हे तुमचे काम आहे, त्यावर त्यांची नजर खर्च होऊ देऊ नये. सुट्टीच्या काळासाठी मंजुरीचा अधिकार असलेली दुसरी व्यक्ती मिळाली तर फारच उत्तम, पण तीही दिवाळीत गावी जाणार नाही ना, हे आधी विचारून घ्यावे.

कुठे ठेवावेत, याबद्दल. वर्डप्रेसमध्ये चार अवस्था तुमच्या कामाच्या आहेत : लिहीत असलेला लेख `draft`, मंजुरीसाठी दिलेला `pending`, तारीख लावून ठेवलेला `future` आणि प्रसिद्ध झालेला `publish`. लेखकांना Contributor ही भूमिका द्यावी. त्यांना लेख मंजुरीसाठी पाठवता येतो, पण प्रसिद्ध करता किंवा तारीख लावून ठेवता येत नाही. ते काम Editor भूमिकेतल्या व्यक्तीचे. याचा दुसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही : लेखाला पुढची तारीख लागून तो `future` झाला की Contributor ला तो स्वतःचा असला तरी बदलता येत नाही. डॉक्टरांनी मंजूर केलेल्या मजकुरात नंतर कोणी 'फक्त एक वाक्य' घातले, हा प्रकार त्यामुळे आपोआप थांबतो. Editor ला मात्र बदल करता येतो, म्हणून ही भूमिका एका-दोघांपलीकडे देऊ नये.

मंजूर आहे पण तारीख ठरलेली नाही, अशा अवस्थेसाठी मूळ वर्डप्रेसमध्ये जागा नाही. प्लगइन लावून नवी अवस्था तयार करता येते, पण तुमच्याएवढ्या चमूला त्याची गरज नाही. तेरा लेखांना सरळ तारखा लावून टाकाव्यात आणि तीन जादा लेखांना दिवाळीनंतरच्या, समजा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या तारखा द्याव्यात. मधला एखादा लेख काढावा लागला तर त्या तिघांतला एक पुढे ओढून रिकाम्या तारखेला बसवायचा, एवढेच काम उरते, आणि ते मोबाइलवरूनही होते. यासोबत एक साधी शीट ठेवावी. तिच्यात लेखाचे नाव, मंजुरीची तारीख, मंजुरीची मुदत आणि ठरलेला दिवस एवढे चारच रकाने असावेत. रकाने वाढले की ती कोणी भरत नाही.

मुदत हा रकाना तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मंजुरी ही त्या दिवसापुरती असते. मी साधारण आरोग्याच्या लेखांना तीन महिने धरतो. डेंग्यूसारख्या, पावसाळ्याच्या आणि साथीच्या विषयांना एक महिना, कारण साथ ओसरल्यावर तोच लेख विनाकारण घाबरवणारा वाटतो. लसीकरणाचे वेळापत्रक, शासकीय योजनांच्या अटी, हेल्पलाइनचे क्रमांक असलेले लेख मुदत न पाहता सुट्टीवर जाण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावेत, आणि शक्य असेल तर असे लेख सुट्टीसाठी ठेवूच नयेत. साठा फिरता ठेवणेही महत्त्वाचे आहे. जुलैत मंजूर झालेले लेख 'दिवाळीसाठी' म्हणून कुलपात ठेवले तर ऑक्टोबरमध्ये त्यांची मुदत संपलेली असते. रोजच्या प्रसिद्धीसाठी सर्वांत जुना मंजूर लेख घ्यावा आणि नव्याने आलेला मागे लावावा. मग दिवाळीच्या तोंडावर हातात असलेले लेख बहुतांशी सप्टेंबर-ऑक्टोबरचेच राहतात.

लेखांच्या भाषेतही साठ्याला मारक गोष्टी दडलेल्या असतात. एका लेखाची सुरुवात 'कालच्या लेखात आपण रक्तदाब म्हणजे काय ते पाहिले' अशी होती आणि शेवट 'उद्या आपण आहाराविषयी बोलू' असा होता. मजकुरात वैद्यकीय चूक एकही नाही, डॉक्टरांची मंजुरीही आहे, पण हा लेख त्याच्या शेजाऱ्यांशिवाय कुठेही बसवता येत नाही. मधला एक भाग रद्द झाला तर तिन्ही अडकतात. साठ्यात जाणाऱ्या प्रत्येक लेखात आज, काल, उद्या, सध्या, यंदा, नुकतेच, गेल्या आठवड्यात हे शब्द शोधून काढावेत. 'यंदाच्या पावसाळ्यात' ऐवजी 'पावसाळ्यात' म्हटले तरी वाक्य उभे राहते. मालिका लिहायची असेल तर ती सुट्टीच्या बाहेर, सगळे जण हजर असताना चालवावी.

सणाच्या तारखांबद्दल जास्त सावध राहावे. 2025 मध्ये उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी 20 ऑक्टोबरला दिवाळी झाली आणि महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन 21 ला. परदेशातल्या वाचकांचा दिवस आणखी वेगळा पडू शकतो. 'आज लक्ष्मीपूजन' असे लिहिलेला लेख त्यामुळे काही वाचकांसमोर चुकीच्या दिवशी येतो, 'लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी' असे लिहिलेला कधीच चुकत नाही. सुट्टीची तारीखही ऐन वेळी सरकते : मुंबईत ईद-ए-मिलादची सुट्टी 2024 मध्ये 16 सप्टेंबरवरून 18 ला आणि 2025 मध्ये 5 सप्टेंबरवरून 8 ला नेण्यात आली होती. त्यामुळे साठ्याचा हिशेब शासकीय यादीवर अवलंबून न ठेवता डॉक्टर प्रत्यक्षात कधी जाणार आणि कधी परतणार, हे त्यांनाच विचारून मांडावा.

कोणता लेख कोणत्या दिवशी, हेही पाहायला हवे. फटाक्यांनी भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा, बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नका, हे सांगणारा लेख धनत्रयोदशीपर्यंत जायलाच हवा. नरकचतुर्दशीच्या सकाळी तो वाचून काही जणांना उशीर झालेला असेल. मधुमेह आणि फराळ हा लेख वसुबारसेच्याही आधी, घरोघरी चकल्या तळायला सुरुवात होण्यापूर्वी. धूर आणि दमा हा त्यानंतर. लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला वाचक कमीच असतात, तिथे चांगला, कष्टाने लिहिलेला लेख वाया घालवू नये, हलका विषय द्यावा. आणखी एक गोष्ट आरोग्याच्या संकेतस्थळालाच लागू आहे : छातीतले दुखणे, लहान मुलांचा ताप, गरोदरपणातला रक्तस्राव असे लेख सुट्टीच्या दिवसांत ठेवू नयेत. असा लेख वाचून कोणीतरी 'बाबांना आत्ताच असं होतंय, काय करू?' असे विचारते, आणि उत्तर द्यायला जागेवर कोणी नसते. ते तुम्ही सर्व जण कामावर असतानाच्या दिवसांसाठी राखून ठेवावेत. सुट्टीतल्या प्रत्येक लेखाखाली मात्र तातडीच्या वेळी 108 वर रुग्णवाहिका मागवावी, ही ओळ असावी.

आता तांत्रिक बाजू, कारण साठा भरलेला असूनही लेख न गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. वर्डप्रेसला स्वतःचे घड्याळ नाही. कोणीतरी संकेतस्थळावर आले की ते त्या निमित्ताने 'एखाद्या लेखाची वेळ झाली आहे का' हे पाहते. दिवाळीत पहाटे-सकाळी वाचक नसतील, किंवा कॅशिंग प्लगइन साठवलेली पाने थेट दाखवत असेल, तर ही तपासणीच होत नाही आणि सातचा लेख नऊला जातो, किंवा यादीत त्याच्यासमोर `Missed schedule` असे लाल अक्षरांत दिसते. म्हणजे तुम्ही गैरहजर असता तेव्हाच हे बिघडण्याची शक्यता जास्त. यावर उपाय म्हणजे `wp-config.php` मध्ये ही ओळ घालून वाचकांवर अवलंबून असलेली तपासणी बंद करणे :

```
define( 'DISABLE_WP_CRON', true );
```

आणि सर्व्हरच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत, WP-CLI या साधनाच्या `wp` आज्ञेने दर पाच मिनिटांनी ती चालवणे. मार्ग तुमच्या सर्व्हरप्रमाणे बदलावा :

```
*/5 * * * * cd /var/www/site && wp cron event run --due-now
```

दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत कराव्यात. पहिली करून दुसरी राहिली तर एकही लेख आपोआप जाणार नाही. हे काम सुट्टीच्या निदान एक आठवडा आधी करावे, म्हणजे रोजच्या लेखांवरच त्याची परीक्षा होते. तसेच Settings मधल्या General पानावर Timezone 'Kolkata' आहे ना, हे पाहावे. तिथे UTC राहिले असेल तर सातला लावलेला लेख आपल्याकडे दुपारी साडेबाराला उगवतो.

रांगेत काय काय लागले आहे ते एका नजरेत पाहायचे असेल तर ही आज्ञा पुरेशी आहे :

```
wp post list --post_status=future --fields=ID,post_title,post_date --orderby=post_date --order=ASC
```

निघण्याच्या आदल्या दिवशी ही यादी काढून तारखा बोटावर मोजाव्यात. लेखांची संख्या बरोबर असते, पण दोन लेख एकाच तारखेला आणि एक तारीख मोकळी, हा घोटाळा फक्त असेच मोजल्यावर सापडतो. एरवीही दर गुरुवारी मंजूर लेखांची संख्या पाहण्याची जबाबदारी एकाकडे द्यावी. ती सहाच्या खाली गेली की नवे लेखन थांबवून तिघांनी `pending` मधले लेख डॉक्टरांकडून सोडवून घेण्याच्या मागे लागावे.

शेवटी, रांग थांबवण्याची सोयही लागते. सुट्टीत एखादी मोठी दुर्घटना घडली आणि त्याच सकाळी तुमच्याकडून 'हसत राहा, निरोगी राहा' असा लेख आपोआप गेला, तर लोक ते सहज विसरत नाहीत. तिघांपैकी एकाने, ज्याच्या गावी नेट चालते त्याने, सुट्टीभर Editor चे लॉगिन जवळ ठेवावे आणि डॉक्टरांना न विचारता लेख मागे घेण्याचा अधिकार त्याला आधीच दिलेला असावा. नवा लेख लावण्याचा अधिकार देऊ नये, फक्त मागे घेण्याचा आणि मंजूर साठ्यातला दुसरा पुढे आणण्याचा. मागे घेणे म्हणजे लेखाची अवस्था `draft` करणे. वेळ आली तरी मग तो जात नाही. तो पुन्हा लावताना तारीख आवर्जून नवी भरावी, कारण जुनी, उलटून गेलेली तारीख तशीच राहिली तर लेख प्रसिद्ध होऊनही जुन्या लेखांच्या खाली जाऊन बसतो आणि मुखपृष्ठावर कोणाला दिसत नाही.

2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. भाऊबीज 11 तारखेला बुधवारी येत असल्याने पुढचे गुरुवार-शुक्रवारही सुट्टीत जाण्याची शक्यता आहे. डॉक्टरांचा बेत गणपतीआधीच विचारून ठेवावा आणि परतल्यावर न वापरलेले जे जादा लेख उरतील, त्यांची मुदत पाहून नाताळच्या आठवड्यासाठी तेच पुढे लावावेत.